मदत हवी आहे: एचएसएन समरीत क्रेडिट नोट कशी धरायची?

नमस्कार मंडळी, जळगावात पीव्हीसी पाईपच्या दुकानाचे हिशेब मी बघतो. जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ साठी बिलांच्या एक्सेलवरून पिव्होट काढतो: ओळीत एचएसएन, दर आणि युनिट, बेरजेत नग आणि करपात्र रक्कम. नोंदणीकृत आणि किरकोळ गिऱ्हाईक आता वेगळे दाखवायचे असल्याने दोन पिव्होट.

आधी 3917 च्या दोन ओळी येत होत्या. एका बिलात कोडमागे स्पेस राहिली होती, `=TRIM(A2)` ने ती गेली.

आता खरी अडचण. नोंदणीकृत विक्री 2,60,000, दर 18 टक्के. भुसावळच्या व्यापाऱ्याला 10,000 ची क्रेडिट नोट दिली. त्यातले 6,000 परत आलेल्या 20 पाईपांचे, 4,000 नुसत्या भावफरकाचे. रक्कम वजा करून 2,50,000 आणि कर 45,000 धरला. पण भावफरकाच्या ओळीतही सॉफ्टवेअरने नग टाकलेत, त्यामुळे पिव्होट 20 ऐवजी 35 नग वजा करतो. माल तर आलाच नाही, म्हणून त्या ओळीत नग शून्य करावेत असं मला वाटतं. तुम्ही असंच करता का? 11 तारीख जवळ आली आहे, अनुभव असेल त्या भाऊंनी कृपया सांगा.