मदत हवी आहे: दोन वेतनवाढी रोखण्याच्या आदेशाविरुद्ध अपील, प्रक्रिया आणि शिक्षेचे प्रमाण हे मुद्दे कसे मांडावेत?

धागाकर्ता: टिपणवही

केंद्र सरकारच्या एका कार्यालयातील माझ्या सहकाऱ्याच्या अपिलाचा मसुदा मी तयार करत आहे. त्यांना 1965 च्या सीसीएस (सीसीए) नियमांतील नियम 16 खाली, म्हणजे किरकोळ शिक्षेसाठीचे ज्ञापन मिळाले होते. एक फाइल त्यांनी अकरा दिवस पुढे पाठवली नाही आणि त्यामुळे कार्यालयाचे उत्तर मुदतीनंतर गेले, असा त्यात आरोप होता. विलंब झाला हे त्यांनी लेखी उत्तरात मान्य केले; मात्र त्याच काळात दुसऱ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता, हे नमूद करून त्या कार्यभाराचा कार्यालयीन आदेशही सोबत जोडला.

पुढे कोणतीही चौकशी न होता थेट शिक्षेचा आदेश आला. दोन वेतनवाढी दोन वर्षांसाठी, पुढील वेतनवाढींवर कायम परिणाम होईल अशा रीतीने रोखल्या आहेत. त्यांच्या उत्तराविषयी आदेशात एवढेच वाक्य आहे: ‘सादर केलेला खुलासा समाधानकारक नाही.’ शिवाय ‘यापूर्वीही समज देण्यात आली होती’ असा उल्लेख आहे, जो ज्ञापनात कुठेही नव्हता.

सहकाऱ्याने स्वतः लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात ‘घोर अन्याय’, ‘सूडबुद्धी’ आणि ‘वीस वर्षांच्या निष्ठेचे हे फळ’ असे शब्द आहेत. ते काढायचे हे आमचे ठरले आहे. प्रश्न असा की त्यांच्या जागी काय लिहावे, आणि आधी प्रक्रियेचा मुद्दा घ्यावा की शिक्षेच्या प्रमाणाचा?

बाकावरचा

चूक मान्य केलेलीच आहे, तर साहेबांना भेटून दयेचा अर्ज द्यावा. अपिलात वरिष्ठ आपल्याच माणसाची बाजू घेतात, असा माझा अनुभव आहे.

टिपणवही

दयेची विनंती करायची नाही. विलंब झाला हे नाकारायचे नसून त्या विलंबाला एवढी शिक्षा, आणि तीही चौकशीशिवाय, देता येते का, एवढाच प्रश्न आहे.

नियमबोली

आदेशातले ‘कायम परिणाम’ हे शब्द तुमच्या संपूर्ण प्रकरणाचा कणा आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. वेतनवाढ रोखणे ही शिक्षा किरकोळ शिक्षांच्या यादीत येते आणि त्यासाठी एरवी ज्ञापन व खुलासा पुरेसा ठरतो, त्यामुळे पुष्कळ कार्यालये तेवढ्यावर थांबतात. परंतु नियम 16 (1-अ) असे सांगतो की वेतनवाढ तीन वर्षांहून अधिक काळ रोखायची असेल, किंवा निवृत्तिवेतनावर प्रतिकूल परिणाम होणार असेल, किंवा कितीही काळासाठी का होईना पण पुढील वेतनवाढींवर परिणामासह रोखायची असेल, तर नियम 14 च्या पद्धतीने चौकशी करणे बंधनकारक आहे. येथे मुदत दोनच वर्षांची असली तरी तिसरी अट लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने कुलवंत सिंग गिल विरुद्ध पंजाब राज्य या 1990 च्या निकालात अशा रोखण्याचा परिणाम कसा होतो हे तपासून, चौकशीशिवाय दिलेली ती शिक्षा टिकणार नाही असे ठरवले. तो निकाल पंजाबच्या नियमांवरचा आहे, म्हणून आधाराला घ्यावा. तुमचा मूळ आधार नियम 16 (1-अ) हाच राहू द्या.

शब्दांबाबत सांगायचे तर नियम 26 मध्येच अपिलात अनादरदर्शक किंवा अनुचित भाषा असू नये, असे आहे. पण त्यापेक्षा व्यावहारिक कारण मोठे आहे. ज्याने आदेश दिला तोच अधिकारी तुमच्या अपिलावर आपला अभिप्राय जोडून ते वर पाठवतो, आणि ‘सूडबुद्धी’ हा शब्द दिसला की त्याचा सारा अभिप्राय त्या एका शब्दाच्या खंडनात जातो. नियम 16 (1-अ) ला उत्तर देण्याची त्याला गरजच उरत नाही. ‘घोर अन्याय’च्या जागी असे लिहा: ‘दि. … च्या आदेशान्वये वेतनवाढी पुढील परिणामासह रोखण्यात आल्या असून, त्यापूर्वी नियम 16 (1-अ) नुसार आवश्यक असलेली चौकशी करण्यात आलेली नाही. त्यामुळे अतिरिक्त कार्यभाराबाबतचा पुरावा मांडण्याची व संबंधित साक्षीदार तपासण्याची संधी अपीलकर्त्यास मिळाली नाही.’ दुसरे वाक्य गाळू नका. प्रक्रियेचे पालन न झाल्याने न्यायदानात काही उणीव राहिली का, हे अपिलीय प्राधिकाऱ्याने नियम 27 खाली पाहायचे असते, आणि ती उणीव दाखवणे आपल्याच हाती आहे.

कोर्टपायरी

प्रमाणाबाबत एकच वाक्य पुरे: शिक्षा न्यायालयाच्या विवेकबुद्धीला धक्का देणारी आहे. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात 1995 मध्ये हेच ठरले आहे.

नियमबोली

निकाल बरोबर आहे, पण तो येथे लावू नये. ती कसोटी न्यायालय किंवा न्यायाधिकरण शिक्षेत हस्तक्षेप कधी करील यासाठी आहे, आणि ती मुद्दाम कठोर ठेवलेली आहे. अपिलीय प्राधिकाऱ्याला नियम 27 थेट विचारतो की शिक्षा पुरेशी आहे, अपुरी आहे की जास्त कडक आहे. म्हणजे येथे धक्का बसण्याइतकी विषमता सिद्ध करण्याची गरज नाही. ‘जास्त कडक’ एवढे दाखवले तरी चालते. न्यायालयाची कसोटी स्वतःहून अपिलात आणणे म्हणजे आपलाच अडथळा उंच करून घेणे आहे.

प्रमाण मोजण्यासाठी आदेशात काय नाही तेही दाखवा. विलंबामुळे आर्थिक नुकसान झाले असा आरोप नाही, हेतुपुरस्सर विलंबाचा आरोप नाही, आणि अतिरिक्त कार्यभाराच्या कागदावर एक शब्दही नाही. पूर्वीच्या समजेबाबत मंचे गौडा निकालाचे तत्त्व लागू पडते: पूर्वेतिहास शिक्षा ठरवताना वापरायचा असेल तर तो आधी कळवून उत्तराची संधी द्यावी लागते.

पगारपत्रक

परिणाम केवळ ‘आजीवन नुकसान’ असा न लिहिता दरमहा फरक, दोन वर्षांनंतरही राहणारा फरक आणि निवृत्तीच्या वेळचा फरक यांचा लहान तक्ता जोडावा. आमच्या खाजगी कंपनीत मला निलंबित केले तेव्हा असाच तक्ता दिला होता. निलंबनाविरुद्धही हेच नियम लागतील का?

नियमबोली

खाजगी कंपनीला हे नियम लागत नाहीत. आपल्या सेवाशर्ती किंवा स्थायी आदेश पाहावे लागतील. त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर बरे. तक्त्याची सूचना मात्र उपयोगी आहे.

टिपणवही

अशाच विलंबाबद्दल दुसऱ्या शाखेतील एकाला केवळ ठपका मिळाला, असे ऐकले आहे. माहितीच्या अधिकारात तो आदेश मागवून जोडावा का?

नियमबोली

सहसा मिळणार नाही. कर्मचाऱ्याविरुद्धचे शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले आहे. कागद हातात नसताना तुलना लिहिली तर अभिप्रायात ‘तथ्यहीन’ असा शेरा येतो आणि त्याचा डाग शेजारच्या सबळ मुद्द्यांवरही पडतो.

बाकावरचा

आणि अपील जिंकून काय मिळणार? आदेश रद्द करतील, नियम 14 ची चौकशी लावतील आणि तीच शिक्षा पुन्हा देतील. वर शिक्षा वाढवताही येते.

नियमबोली

या वेळी तुमचे म्हणणे खरे आहे. वाढवण्यापूर्वी संधी द्यावी लागते, पण अधिकार आहे. म्हणूनच मी मुख्य मागणी ‘आदेश रद्द करावा’ अशी आणि पर्यायी मागणी ‘शिक्षा ठपक्यापर्यंत कमी करावी’ अशी ठेवतो.

कोर्टपायरी

पर्यायी मागणीने आरोप सिद्ध असल्याची कबुली दिल्यासारखे होत नाही का?

नियमबोली

विलंब आधीच मान्य असल्याने येथे तोटा कमी दिसतो, तरी ‘उपरोक्त आक्षेपांना बाधा न आणता’ हे शब्द जोडावेत. याबाबत सेवाविषयक वकिलांमध्येही एकमत नसते. काही जण पर्यायी मागणी लिहूच देत नाहीत.

टिपणवही

पर्यायी मागणी ठेवायची की नाही, हे सहकाऱ्याला विचारून ठरवतो. आदेशाची प्रत ज्या दिवशी हाती आली तिथपासून 45 दिवस मोजले आहेत, त्यामुळे मूळ अपील अपिलीय प्राधिकाऱ्याकडे आणि प्रत आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडे मुदतीतच जाईल. तक्ता तयार झाला की मसुद्याचा प्रक्रियेविषयीचा भाग नावे वगळून येथे ठेवतो.