मदत हवी आहे: लग्नपत्रिकेसाठी वाचता येईल असा फॉण्ट आणि अक्षरांचा आकार

अंगणातली तुळस
नमस्कार मंडळी. माझ्या भाचीचं लग्न आहे आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलंय. पत्रिका रेडीमेड घेतली आहे. बाहेर मरून रंगाचं जाड कार्ड, आत ५ बाय ७ इंचाचं क्रीम पान, आणि मजकूर सोनेरी फॉइलमध्ये. प्रेसवाल्यांनी काल प्रूफ दिलं. मोबाइलवर पीडीएफ पाहिली तेव्हा सगळ्यांना आवडली होती. मग साध्या कागदावर काढलेलं प्रूफ आईच्या हातात दिलं. आई ८२ वर्षांची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रोजचा पेपर चष्म्याने वाचते. ती खिडकीपाशी गेली, कागद मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे वघू काय लिहिलंय? आणि शुमविवाह?"

मी नीट पाहिलं. स्पेलिंग बरोबर होतं. अक्षरं वळणदार, कॅलिग्राफीसारखी आहेत आणि खरंच ध आणि घ एकसारखे दिसताहेत. प्रेसवाले म्हणतात आकार ९ पॉइंट आहे, "पत्रिकेला हाच चालतो". शनिवारी फॉइलचा ब्लॉक करायला टाकणार आहेत, त्यानंतर बदल केला तर ब्लॉकचे पैसे पुन्हा. आमच्या पाहुण्यांत निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. कोणता फॉण्ट घ्यावा, आकार किती ठेवावा, आणि सोनेरीचा हट्ट सोडावा का? कृपया लवकर सांगा.

मीनल, ठाणे
ताई, अभिनंदन! मजकूर असा ठेवा: "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ..." आणि शेवटी "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर". व्हॉट्सॲपसाठी केलीत तर रंगीत पार्श्वभूमी छान दिसते, माझ्याकडे चार-पाच नमुने आहेत, पाठवू का?

अंगणातली तुळस
मीनलताई, धन्यवाद. मजकूर ठरलेला आहे आणि पत्रिका कागदावरच छापायची आहे. अडचण फक्त अक्षरांची आहे.

बेळगावचा बाळू
सोपं आहे. आकार १२ पॉइंट करा आणि सगळा मजकूर बोल्ड करा. आमच्या ऑफिसात मराठी पत्रं १२ मध्येच असतात, कुणाची तक्रार नाही. फॉण्ट कुठलाही चालेल, वाचता येणं हे आकारावर असतं.

जुना जुळारी
बाळूभाऊंचं १२ चं म्हणणं दिशेने बरोबर आहे, पण त्यावर विसंबू नका. पॉइंटचा आकडा अक्षराची उंची सांगत नाही. वर्डमध्ये एकाच ओळीत "मंगल" आणि "कोकिळा" दोन्ही १२ ला टाकून छापून बघा. कोकिळाचं अक्षर लगेच लहान दिसेल. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, हे सगळं त्याच आकड्यात बसवायचं असतं. प्रत्येक फॉण्ट करणारा मधल्या अक्षराला किती जागा द्यायची हे आपापलं ठरवतो. म्हणून मी पट्टीने मोजतो. छापलेल्या कागदावर "म" घ्यायचा, शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंत. ज्येष्ठांनी हातात धरून वाचायच्या कागदावर ही उंची अडीच मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. हा पुस्तकी नियम नाही, वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवायचो तेव्हापासूनचा माझा ठोकताळा आहे. तुळसताई, तुमच्या प्रुफातला म मोजून सांगा.

दुसरं, आईंनी नेमका दोष पकडला आहे. ध-घ आणि भ-म या जोड्यांत फरक मुख्यतः एकाच ठिकाणी असतो: डोक्यावर. घ आणि म यांची शिरोरेघ अखंड, ध आणि भ यांची डावीकडे तुटलेली. थ आणि य तसेच. फॉण्टमध्ये ती फट आधीच बारीक असेल आणि आकार ९ असेल, तर फट कागदावर केसाएवढी उरते. त्यावर गरम फॉइल दाबलं की फॉइल कडेला किंचित पसरतं आणि फट भरते. "शुभ" आणि "वधू" हे पत्रिकेतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द, आणि दोन्ही त्या फटीवर उभे आहेत. पीडीएफ बोटांनी मोठी करून पाहिली की हे कळत नाही, कारण फटही तेवढीच मोठी होते.

अंगणातली तुळस
मोजला. दीड मिलिमीटरच आहे! मग १४ किंवा १६ घ्यायला सांगू का? पण प्रेसवाले म्हणतात जागाच नाही.

जुना जुळारी
ते खरं बोलत असणार. तुमच्या मजकुराच्या ओळी किती आहेत?

अंगणातली तुळस
एकतीस. त्यांत ११ ओळी निमंत्रकांच्या नावांच्या आहेत.

जुना जुळारी
मग हिशोब असा. पान ७ इंच, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर उंच. वर-खाली समास आणि गणपतीचं चित्र यांत साठेक गेले, तर १२० उरले. त्यात ३१ ओळी घातल्या की एका ओळीला चार मिलिमीटरही येत नाहीत. एवढ्यात ९ पेक्षा मोठं अक्षर बसतच नाही. बसवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. "श्रीकृपेकरून"मधला रू आणि त्याखालचं "चि." बघा, तिथेच टक्कर होते. देवनागरीला ओळींमध्ये हवा लागते. १२ च्या अक्षराला १७ चं अंतर, १४ ला २०. १२/१७ धरलं तर १२० मिलिमीटरमध्ये २० ओळी येतात. ३१ मधून ११ गेल्या की बरोबर २० राहतात. वधूवरांची नावं मोठी हवीत, त्यासाठी आणखी एक-दोन ओळी कमी कराव्या लागतील. स्वागत समारंभ आणि जेवण याच्या दोन ओळींची एक होईल. निमंत्रकांची नावं शेजारच्या घडीवर घ्या, तिथे थोडी लहान चालतील. फॉण्ट शोधण्याआधी ओळी मोजायच्या, ही पहिली पायरी.

बेळगावचा बाळू
हे मला माहीत नव्हतं. कोकिळा छापून पाहिला, फरक खरंच मोठा आहे. पण बोल्डने ठळक तर होईल ना?

जुना जुळारी
होईल, पण कोणता बोल्ड ते बघा. ज्या फॉण्टला स्वतःचं जाड वजन नाही, त्यावर B दाबलं की संगणक त्याच अक्षराला कडेने फुगवतो. मग ध ची गाठ, द्ध, क्ष यांची पोटं भरतात आणि वाचणं आणखी कठीण. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइपचा फुकट मिळणारा फॉण्ट घ्या. त्याची सात वजनं स्वतंत्र काढलेली आहेत. त्यातलं मीडियम पत्रिकेच्या मजकुराला पुरेसं आहे. रूप पत्रिकेला थोडं साधं वाटेल. जाड-बारीक रेघांचं, पुस्तकी सौंदर्य हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. त्यात पाकळीचा ल आणि शेंडीचा श आपोआप येतो, "मंगल" आणि "शुभ" मराठी दिसतात. पण त्याला बोल्ड नाही आणि बारीक रेघा खूप बारीक आहेत, म्हणून फॉइलला तो मी देणार नाही. शाईने छापणार असाल तर जरूर द्या. शोधताना Mukta आणि Tiro Devanagari Marathi असं टाइप करा. वळणदार फॉण्ट पूर्ण सोडायची गरज नाही. वर "शुभविवाह" आणि वधूवरांची नावं २४-२८ ला त्यात ठेवा. त्या आकारात ध ची फट छान मोकळी राहते.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत असते. आमच्या वेळी मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि प्रेसने तो त्यांच्या जुन्या फॉण्टमध्ये बदलून घेतला. कार्यालय कऱ्हाडला, पत्रिकेत आलं "कर्हाड". माझे काका वकील आहेत, त्यांच्या "ॲड."च्या जागी रिकामा चौकोन. तीनशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं, आणि काकांच्या पत्रिकेवर आईने पेनाने दुरुस्ती केली. ती पत्रिका अजून माझ्याजवळ आहे, बघितली की आजही वाईट वाटतं. तुळसताई, एवढं तरी तपासा.

अंगणातली तुळस
दूरदेशी, अंगावर काटा आला. आमचं कार्यालयही कऱ्हाडलाच आहे. प्रुफात पाहिलं, "कर्हाड"च आहे. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

जुना जुळारी
जुन्या पद्धतीच्या फॉण्टांत युनिकोड मजकूर बदलून घेताना हे हमखास होतं. तुमच्याकडूनही एक गोष्ट बघा. फोनवर टाइप करताना साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त आणि ह. साधा र घेतला तर त्याचा रफारच होणार. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉण्टांत ते नसतंच. प्रेसला सांगा की मजकूर मुक्तातच ठेवा, पीडीएफ करण्याआधी अक्षरांच्या आकृती करा, म्हणजे कोरल ड्रॉमध्ये ज्याला "कन्व्हर्ट टू कर्व्ह" म्हणतात ते. आणि प्रूफ त्यानंतरचं मागा. आधीचं प्रूफ बरोबर असूनही पुढच्या मशीनवर वेलांटी सरकलेली मी पाहिली आहे. घरी छापून बघाल तेव्हा "ॲक्चुअल साइझ" निवडा. "फिट" ठेवलंत तर प्रिंटर पान लहानमोठं करतो आणि मोजमाप फसतं.

अंगणातली तुळस
सगळ्यांची आभारी आहे. काल रात्री भाचीने मुक्ता मीडियम १२ आणि १४ असे दोन नमुने छापले. १२ चा म अडीच मिलिमीटरच्या आसपास भरला. आईने १२ चा संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचला, फक्त फोन नंबरातला १ आणि ९ यांच्यापाशी थबकली. म्हणून नंबर आणि मुहूर्ताची वेळ १४ ला घेतोय. "वधू" आणि "शुभ" एका दमात वाचलं. प्रेसवाल्यांनी कऱ्हाड दुरुस्त केलं आणि ब्लॉक सोमवारपर्यंत थांबवला.

दोन गोष्टी राहिल्या. फॉइलचा चमकता कागद दिव्याखाली तिरका धरला की चकाकतो आणि अक्षर हरवतं. मजकूर मरून शाईने स्क्रीन प्रिंट करून फक्त नावं फॉइलमध्ये घेतली तर दोन्ही एका रेषेत बसतील का? आणि निमंत्रकांची नावं वेगळ्या घडीवर न्यायला भाऊ तयार नाही. "काकांची नावं आतल्या पानावर नकोत असं त्यांना वाटेल" म्हणतो. कुणी असं केलंय का, आणि घरात कसं समजावलं?

जुना जुळारी
स्क्रीन आणि फॉइल दोन वेगळ्या फेऱ्या आहेत, अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. नावं मजकुराच्या ओळीत न ठेवता वर-खाली मोकळी जागा सोडून एकटी ठेवा, मग सरकलं तरी दिसत नाही. मरून शाईचा विचार मला पटतो. काकांच्या नावांचं मात्र मला सांगता येणार नाही. माझ्या मुलीच्या पत्रिकेत ती आतच ठेवावी लागली होती, आणि पान मोठं घ्यावं लागलं.