खोलीचं भाडं पगारातून कापतात, नोकरी सोडली तर पूर्ण महिन्याचं का?

बाळेकर: माझा भाचा चिंचोळी एमआयडीसीत लागला होता. कंपनीनं खोली दिली, एका खोलीत सहा पोरं. माणशी १८०० रुपये पगारातून कापायचे. ९ तारखेला त्यानं काम सोडलं. "आज संध्याकाळी खोली रिकामी कर" म्हणाले आणि हातावर ११०० टेकवले. भाडं पूर्ण महिन्याचं कापलंय. हे बरोबर आहे का? मला तर चुकीचं वाटतं, पण घरात दोन मतं आहेत.

धोटा_आणि_धागा: मी मालकाच्या बाजूचा आहे, आधीच सांगतो. अक्कलकोट रोडला माझे थोडे माग आहेत. मी पण चार पोरांना खोली घेऊन दिलीय. घरमालक माझ्याकडून ११ महिन्यांचा करार करून घेतो, डिपॉझिट माझं, भाडं पूर्ण महिन्याचं. पोरगं ९ तारखेला गेलं म्हणून घरमालक २१ दिवसांचे पैसे परत देतो काय? ती कॉट महिनाभर रिकामी. त्याचा भुर्दंड मी का सोसायचा? वर हे लोक उचल घेऊन रातोरात गावाला जातात, त्याचं काय?

पगारपत्रकवाली: मी १४ वर्षं कारखान्यांचे पगार करते, त्यामुळे हिशेबाचं बोलू. बाळेकर, त्याचा पगार किती, किती दिवस भरले आणि कशाकशापोटी कापलं ते लिहा. ११०० या एका आकड्यावरून काही कळत नाही.

बाळेकर: पगार महिना १५,६००, २६ दिवसांवर हजेरी. म्हणजे रोज ६००. ९ दिवस भरले, ५४०० झाले. कापले असे: खोली १८००, लाइट-पाणी ३००, गादी आणि कुलूप ७००, "रंगकाम" १५००. पीएफ धरला नाही, तो वेगळाच घोळ आहे. बाहेर तशीच खोली ६००० ला मिळते, शेजारच्यानेच सांगितलं.

जुन्या_चाळीतली: आमचे वडील गिरणीत होते. चाळीत राहायचो, भाडं किरकोळ. गिरणी बंद पडली तरी आम्ही तिथंच राहिलो, कुणी हाकललं नाही. तेव्हा भाच्याला म्हणावं खोली सोडू नको, पुढं नावावर होते.

पगारपत्रकवाली: ताई, चाळीचा प्रश्न वेगळा होता, इथं सहाजणांत एक कॉट आहे. बाळेकर, तुमच्या हिशेबात तीन गोष्टी दिसतात.

पहिली, खोलीचं भाडं पगारातून कापता येतं, यात बेकायदा काही नाही. अट अशी की कामगारानं ती सोय कबूल केलेली असावी आणि कापलेली रक्कम त्या सोयीच्या किमतीपेक्षा जास्त नसावी. ही अट १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि नव्या वेतन संहितेतही आहे. सहा पोरं गुणिले १८०० म्हणजे १०,८००, आणि खोली ६००० ची. खरा वाद इथं आहे. "पूर्ण महिना की ९ दिवस" हा त्यानंतरचा.

दुसरी, एका पगारात सगळ्या कपाती मिळून निम्म्यापेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. ५४०० चे निम्मे २७००. इथं ४३०० गेलेत. म्हणजे एक-एक कपात योग्य मानली तरी हा आकडा टिकत नाही.

तिसरी, रंगकाम. भिंत सहाजणांनी वापरली आणि पैसे एकाकडून? नुकसान कापायचं तर वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली हवी, त्याच्या हलगर्जीपणानं ती गेलेली हवी आणि आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. गादीबद्दल तसं घडलं असेल तर मालक बोलू शकतो. रंगाबद्दल नाही.

माझ्या मते हिशेब असा: खोलीच्या वाट्याचे महिना १०००, ९ दिवसांचे ३००, लाइट-पाण्याचे ९०. हातात ५०१० यायला हवे होते.

धोटा_आणि_धागा: १००० कुठून काढले? मी खोलीत कॉट, गॅस, पंखा, झाडणारी बाई देतो. शिवाय पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं ते विसरलात काय?

पगारपत्रकवाली: बरोबर, ते सगळं किमतीत धरा. पण पावती दाखवा. टँकरची पावती, बाईचा पगार, सगळं मिळून माणशी १५०० होत असेल तर माझा हिशेब मागे घेईन. आणि उचल वेगळी. ती ठरल्याप्रमाणे कापा, भाड्यात मिसळू नका. मिसळली की कामगाराला कळत नाही आणि तुमच्या हातीही पुरावा राहत नाही.

कायदा_थोडा_थोडा: एवढं कशाला? भाडं कापलं म्हणजे तो भाडेकरू झाला. कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला कुणी हलवू शकत नाही. सामान बाहेर काढलं तर थेट पोलीस.

पगारपत्रकवाली: अर्धं खरं आहे. सामान रस्त्यावर फेकणं, लाइट तोडणं हे मालकानं करू नये, जबरदस्ती करायची नाही. पण नोकरीसाठी दिलेली कॉट आणि भाड्यानं घेतलेलं घर एक नसतं. कागद काय म्हणतो त्यावर बरंच ठरतं. नोकरी संपल्यावर राहण्याचा हक्कही सहसा संपतो. तरी "आज संध्याकाळी" ही मुदत मी कुणालाच सांगणार नाही.

रात्रपाळी: माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पण अशीच खोली सोडली. किल्ली वॉचमनकडे दिली, पावती नाही. महिन्यानं म्हणाले, किल्ली मिळाली नाही म्हणून फुल अँड फायनल थांबलंय. वॉचमन तोपर्यंत बदललेला. तेव्हापासून मी खोली सोडताना भिंती, पंखा, मीटर, कॉट या सगळ्यांचा व्हिडिओ काढतो आणि किल्ली दिल्याचा मेसेज ग्रुपवर टाकतो. राजीनामाही तारखेसह लिहून देतो.

पगारपत्रकवाली: व्हिडिओचं लाख मोलाचं सांगितलंत. नव्या संहितेत तर राजीनामा दिल्यावरही दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. किल्लीवर पगार अडवायची पद्धत तिथं बसत नाही. पैसे मिळाले नाहीत तर सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा, हजेरीचा आणि खात्यातल्या जमेचा पुरावा जोडून.

जुन्या_चाळीतली: भाड्याचं सोडा, सहाजण कोंबलेल्या खोलीत आग लागली तर? मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात आठ जण गेले, मालकाच्या घरचे लोकही त्यात होते. राहायलाही तिथंच.

धोटा_आणि_धागा: ताई, तो दिवस मला आठवतो. तेव्हापासून मी मागांच्या वर कुणाला झोपू देत नाही. बाहेर खोली घेतली ती त्यामुळेच, आणि ती महाग पडते.

बाळेकर: पगारपत्रक आज मिळालं. त्यावर "खोली" असा शब्दच नाही. सगळ्याची मिळून "इतर कपात ४३००" अशी एकच ओळ आहे. भाचा म्हणतो कबूल केल्याची सही कुठं केली आठवत नाही, रुजू होताना दहा-बारा कागदांवर सह्या घेतल्या होत्या.

पगारपत्रकवाली: मग अर्जात पहिली मागणी तीच करा: कपातीचा तपशील आणि कबुलीचा कागद. तो कागद त्यांच्याकडे असेल तर १८०० ची बाजू थोडी घट्ट होते, माझे ३०० कमी पडतील. निम्म्याची मर्यादा मात्र तशीच राहते.

धोटा_आणि_धागा: म्हणजे कागद असला तरी २७०० च्या वरचं परत करावं लागेल. बरं. पण सहावी कॉट रिकामी राहते तिचं कुणी सांगितलं नाही.

रात्रपाळी: ती मालकाचीच. भरती तुम्ही करता.

धोटा_आणि_धागा: आणि सोडून तुम्ही जाता.