अचूकता, परिशुद्धता, विभेदन: एकाच काट्यावर तिन्ही

> अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन, दोन्हींना 'अचूकता' लिहिलं तर काय बिघडतं? आणि रिझोल्यूशन त्यातच आलं ना?

१०० ग्रॅमचं प्रमाणित वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाच वेळा ठेवलं, असं धरा. आकडे आले १००.४२, १००.४१, १००.४२, १००.४३, १००.४२. पाचही एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे प्रिसिजन उत्तम. पण खऱ्या वजनापासून सगळे जवळपास ०.४ ग्रॅम दूर, म्हणजे अ‍ॅक्युरसी वाईट. आता माहितीपत्रकात दोन्हींना 'अचूकता' लिहा आणि हा काटा अचूक आहे की नाही ते सांगा!

फरक दुरुस्तीतही दिसतो. ०.४ ग्रॅमची ही कायमची सरक कॅलिब्रेशनने काढता येते. आकडेच विखुरलेले असतील तर कॅलिब्रेशनने विखुरणं जात नाही. पुष्कळ मापं घेऊन सरासरी काढावी लागते.

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरचा आकडा कमीत कमी कितीने बदलतो ते. इथे ०.०१ ग्रॅम. हाच काटा १ ग्रॅमच्या पायरीने दाखवत असता तर पाचही वेळा १०० दिसलं असतं, दोष झाकला गेला असता. दशांशस्थळं जास्त म्हणजे माप खरं, हा गैरसमज आहे: आपल्या काट्यावर दोन दशांशस्थळं असूनही माप ०.४ ग्रॅमने चुकलेलंच आहे.

म्हणून मी अ‍ॅक्युरसी, प्रिसिजन आणि रिझोल्यूशनला अनुक्रमे अचूकता, परिशुद्धता आणि विभेदन लिहितो. 'परिशुद्धता' जड वाटते, कबूल. पहिल्या वापराला 'मापांमधला मेळ' असं जोडून देतो. काट्यासारख्या उपकरणात रिझोल्यूशनला 'लघुतम माप' हा शाळेतला शब्दही चालतो, कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र नाही.