फास्टिंग १०६: एका लॅबमध्ये नॉर्मल, दुसऱ्या लॅबमध्ये प्रीडायबेटिस. कोणाचं खरं धरायचं?

सईची_आई
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. नवऱ्याचं ऑफिसकडून हेल्थ चेकअप झालं, वय ४१, वजन ८२. फास्टिंग १०६, जेवणानंतरची १५१ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ५.९ आलंय. आता गंमत अशी की रिपोर्टमध्ये फास्टिंगपुढे रेंज ७० ते ११० छापलीये, म्हणून १०६ साधं छापलंय, बोल्ड फक्त १५१. मागच्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये १०४ आली होती तर तिथे रेंज ७० ते १०० होती आणि पुढे स्टार होता. म्हणजे साखर वाढली तरी रिपोर्ट सुधारला! हे म्हणतात बघ, यंदा नॉर्मल आलीये, विषय संपला. पण सासूबाईंना पन्नाशीपासून शुगर आहे म्हणून मला काळजी वाटते. त्यांच्याच मशीनवर परवा सकाळी यांची बघितली तर ११८. आता शुगर आहे की नाही, आणि पुढची टेस्ट कुठली करायची, कुणी नीट सांगाल का?

नाना_सातारकर
सूनबाई, एवढं घाबरायचं कारण नाही. मला शुगर आहे पंधराएक वर्षं, गोळ्या चालू आहेत. आमचे डॉक्टर म्हणतात फास्टिंग १३० च्या आत आणि जेवणानंतर १८० च्या आत ठेवा, बास. त्या हिशोबाने तुमच्या मिस्टरांची उत्तम आहे, माझी अशी आली तर मी पेढे वाटीन.

लॅबवाला_दादा
नाना, तुमचे आकडे बरोबर आहेत पण ते तुमच्यासाठी. ज्याला शुगर आहे आणि औषध चालू आहे त्याने कुठवर आणायची त्याचं ते टार्गेट आहे, औषधाने फार खाली गेली तर चक्कर येऊन पडायला होतं म्हणून थोडी सैल ठेवतात. ज्याला शुगर नाही त्याला ते आकडे लावायचे नाहीत.

सईची आई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्येच काम करतो, तुमच्या दोन रेंजचं कोडं रोज कुणीतरी काउंटरवर विचारतं. दोन्ही लॅबनी मनाने छापलेलं नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ साली फास्टिंगची नॉर्मलची हद्द ११० वरून १०० वर आणली, डब्ल्यूएचओने मात्र ११० च ठेवली. काही लॅब हे धरतात, काही ते. म्हणून १०० ते १०९ ची साखर असलेला माणूस कुठल्या लॅबच्या दारात शिरला त्यावर नॉर्मल किंवा प्रीडायबेटिक ठरतो. ११० ते १२५ ला दोघंही गडबड म्हणतात आणि १२६ पासून पुढे दोघांच्याही मते डायबेटिस. त्यामुळे बोल्ड आहे की नाही ते बघूच नका, आकडा बघा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवा.

विदर्भी_प्रशांत
मला तर हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ वाटते. आमच्या वडिलांच्या टायमाला १४० पर्यंत फास्टिंग चालत होती, कोणी गोळी देत नव्हतं. मग एक दिवस १२६ केली, मग १००, उद्या ९० करतील. आणि खरी शुगर जेवणानंतरची असते, ती २०० च्या आत आहे ना, मग झालं.

लॅबवाला_दादा
प्रशांतभाऊ, १४० ची १२६ झाली हे खरंय, १९९७ मध्ये. पण त्यामागे कारण होतं. साखरेमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्याला जी इजा होते ती कुठल्या आकड्यापासून वाढायला लागते हे वेगवेगळ्या लोकसमूहांत तपासलं, आणि १४० च्या बऱ्याच आधीपासून ती दिसायला लागते असं निघालं. शिवाय ज्यांची ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० च्या वर जायची अशा कितीतरी लोकांची फास्टिंग १४० पेक्षा कमीच असायची, म्हणजे फास्टिंगच्या टेस्टमध्ये ते सुटून जायचे. १२६ ने दोन्ही टेस्ट जवळ आल्या.

१०० च्या हद्दीबद्दल मात्र डॉक्टरांमध्येही वाद आहेत, तो तुमचा मुद्दा मी खोडणार नाही. ती हद्द डोळ्याच्या इजेवरून ठरवलेली नाही, तिथे पुढे शुगर होण्याची शक्यता वाढलेली असते एवढंच. ती शक्यता ९९ ला बंद आणि १०१ ला चालू अशी नसते, हळूहळू चढत जाते.

आणि २०० च्या आत म्हणजे झालं असं नाही. निरोगी माणसाची दोन तासांनी १४० च्या खाली येते. १४० ते १९९ ला प्रीडायबेटिस म्हणतात.

सईची_आई
मग १५१ म्हणजे प्रीडायबेटिस पक्कं का?

लॅबवाला_दादा
ताई, इथे एक गोची आहे. १४० आणि २०० हे आकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी घेतलेल्या रक्ताचे आहेत. आपल्याकडे लॅब तेच आकडे जेवणानंतरच्या टेस्टपुढे छापतात, पण जेवण म्हणजे काय खाल्लं? कुणी दोन पोळ्या भाजी खाऊन येतं, कुणी लॅबखाली जाऊन पोहे आणि गोड चहा घेतं, कुणी टेस्ट आहे म्हणून घाबरून नुसतं ताक पितं. त्यामुळे जेवणानंतरच्या १५१ वर शिक्का मारता येत नाही, इशारा म्हणून घ्यायचा. मिस्टरांना विचारा, दोन तास कुठून मोजले? पहिल्या घासापासून मोजायचे असतात. अर्धा तास जेवले आणि हात धुतल्यापासून मोजलं तर तो अडीच तासांचा आकडा झाला, दोन तासांना जास्त असण्याची शक्यता आहे. आणि उलट, घाईने दीड तासातच रक्त दिलं असेल तर १५१ ला फार अर्थ नाही.

सईची_आई
विचारलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये इडली सांबार आणि शिरा होता, सगळ्यांना एकदम बोलावलं आणि रांग होती त्यामुळे नक्की किती वेळाने घेतलं ते त्यांनाच आठवत नाहीये. फास्टिंगचं रक्त सकाळी ८ ला घेतलं आणि सगळ्यांच्या ट्यूब डब्यात घालून दुपारी नेल्या म्हणे.

लॅबवाला_दादा
हे सांगितलंत ते बरं झालं. रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, साध्या ट्यूबमध्ये बाहेर ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते. म्हणजे दोन तास पडून राहिलं तर १२० ची १०६ होऊ शकते. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपीची ट्यूब वापरतात, त्यात फ्लोराईड असतं. तेही पहिला तासभर पूर्ण काम करत नाही, पण पुढची घट थांबवतं. मिस्टरांना टोपीचा रंग आठवतोय का बघा. कॅम्पच्या १०६ पेक्षा खरा आकडा जास्त असू शकतो, कमी असण्याची शक्यता कमीच.

अनघा_लीड्स
मी लीड्सला असते, इकडे फास्टिंग ५.९ वगैरे अशी येते, आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं एचबीएवनसीच सांगतेय. इकडचा आकडा १८ ने गुणला की आपल्याकडचा मिळतो, म्हणजे ५.९ म्हणजे साधारण १०६, तुमच्या मिस्टरांचीच! आणि त्यांचं एचबीएवनसी ५.९ इकडे धोक्याच्या गटात धरत नाहीत, इकडे ६.० पासून धरतात. अमेरिकेच्या हिशोबाने ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस. ६.५ ला सगळीकडे डायबेटिस. माझी जीपी म्हणाली एक आकडा काठावर असेल तर लगेच काही ठरवू नको.

मीनल_कोथरूड
मध्येच विचारते, माझी फास्टिंग ९२ आहे पण एचबीएवनसी ६.१. हिमोग्लोबिन ९. मला शुगर होतेय का?

लॅबवाला_दादा
मीनलताई, लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. लाल पेशी जास्त दिवस जुन्या राहतात आणि त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो. आधी हिमोग्लोबिनचं बघा, ते सुधारल्यावर परत करा. थॅलेसेमिया मायनर असेल तर वेगळीच गडबड होते, तेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या बाबतीत साखर थेट मोजलेली टेस्ट जास्त विश्वासाची.

विदर्भी_प्रशांत
बरं दादा, एक सांगा. आमच्या काकांची गणपती मंडळाच्या शिबिरात रँडम २१४ निघाली, बोटातून. लगेच सगळे म्हणाले शुगर झाली. त्यांना काही त्रास नाही. ही पक्की का?

लॅबवाला_दादा
फार तहान, सारखी लघवी, वजन आपोआप उतरणं असं काही असतं आणि २०० च्या वर रँडम आली असती तर डायबेटिस म्हणायला तेवढं पुरतं. काकांना त्रास नाही, शिवाय बोटातून मशीनवर आहे, म्हणून पक्की नाही. पण सोडूनही देऊ नका, या आठवड्यातच शिरेतून फास्टिंग आणि एचबीएवनसी करा. दोन्ही हद्दीपलीकडे आले तर ठरलं, एकच आलं तर तेच परत करायचं. मोदक खाऊन आले होते असं म्हणून टाळू नका, निरोगी माणसाची मोदक खाऊन सहसा २१४ होत नाही.

नाना_सातारकर
आणि सूनबाईंच्या मशीनवरच्या ११८ चं काय? मी तर मशीनवरच चालतो.

लॅबवाला_दादा
नाना, तुम्ही रोजचा चढउतार बघायला वापरता ते योग्यच आहे. निदान मात्र त्यावर करायचं नाही. १०० च्या वर चांगलं मशीनसुद्धा लॅबच्या आकड्यापासून १५ टक्के इकडेतिकडे असलं तरी नियमात बसतं. खरी १०६ असेल तर ९० पासून १२२ पर्यंत काहीही दाखवेल. आणि बोट साबणाने धुतलं होतं का? सकाळी मोसंबी सोलून तसंच बोट टोचलं तर फळाची साखर मोजली जाते. पट्ट्यांची बाटली उघडी राहिली असेल किंवा तारीख गेली असेल तरी आकडा फिरतो.

सईची_आई
बोट नुसतं पुसलं होतं. टोपीचा रंग यांना आठवत नाही. मग आता ग्लुकोज पिऊन करायची ती टेस्ट करू का? फॅमिली डॉक्टर म्हणाल्या तीन महिन्यांनी नुसतं फास्टिंग परत करू, त्यांना घाई वाटत नाहीये.

अनघा_लीड्स
मला तर तुमच्या डॉक्टरांचं पटतंय. तीन महिन्यांत पाचसहा किलो वजन उतरलं तर आकडे आपोआप बोलतील. अमेरिकेतल्या त्या मोठ्या अभ्यासात लोकांनी वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ठेवलं होतं, त्यांच्यात शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, गोळीपेक्षाही जास्त. ८२ किलोचे ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो.

लॅबवाला_दादा
मला ग्लुकोजची टेस्ट आत्ताच करावीशी वाटते, कारण आई शुगरची आहे आणि जेवणानंतरचा आकडाच चढलेला दिसतोय, नुसत्या फास्टिंगमध्ये तो पकडला जाणार नाही. पण डॉक्टर तुमच्या आहेत, मी नाही, माझं मत त्यांच्या कानावर घाला आणि त्या सांगतील तसं करा.

करायची ठरली तर आधीचे तीन दिवस भात पोळी नेहमीसारखी खाऊ द्या. टेस्ट चांगली यावी म्हणून लोक तीन दिवस भात बंद करतात आणि मग ग्लुकोज प्यायल्यावर साखर उलटी जास्त चढते. रात्री दहाला शेवटचं खाणं, सकाळी पाण्याशिवाय काही नाही, चहा नाही. ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास तिथेच बसून राहायचं, ऑफिसला चक्कर मारून येतो असं नाही, सिगारेट असेल तर तीही नाही. सर्दीताप चालू असेल किंवा स्टेरॉइडची गोळी इंजेक्शन झालं असेल तर पुढे ढकला. आणि रक्त घेणाऱ्याला सांगा, राखाडी टोपीची ट्यूब आणि लगेच मशीनला लावा.

सईची_आई
धन्यवाद दादा, उद्या डॉक्टरांना फोन करते. यांना धागा वाचायला दिलाय, बोल्ड नसलं म्हणजे नॉर्मल हे तरी आता म्हणत नाहीयेत, पण शिरा सोडायला तयार नाहीत.