स्वमूल्यांकनाचा फॉर्म: वाढलेला आकडा दाखवावा का, आणि 'हे मला अजून येत नाही' असं लिहावं का?

एचडीयू सिस्टर, पुणे

एनएबीएच मिळालेल्या एका खासगी हॉस्पिटलात एचडीयूला स्टाफ नर्स आहे. अप्रेझलचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय आणि दोन रकान्यांवर अडलेय. पहिला, 'वर्षभरातली कामगिरी'. आमच्याकडे कॅन्युलाची जागा बघून प्रत्येक पाळीत व्हीआयपी स्कोअर लिहायला मी सुरुवात केली. त्याआधीच्या तिमाहीत रजिस्टरला फ्लेबायटिसच्या २ केसेस होत्या. सुरू केल्यावर पहिल्या तिमाहीत ११ निघाल्या, पुढच्या तिमाहीत ६. हे कामगिरी म्हणून लिहिलं तर उलटंच वाचलं जाईल का? दुसरा, 'प्रशिक्षणाची गरज'. बायपॅपवरचा पेशंट एकटीने सांभाळायला मला अजून धीर होत नाही. हे खरं खरं लिहू का?

रातपाळी

दुसऱ्या रकान्यात 'कम्युनिकेशन स्किल्स' लिहा आणि मोकळ्या व्हा. मनापासून सांगतेय. मागच्या नोकरीत मी याच रकान्यात 'व्हेंटिलेटरचं ट्रेनिंग हवं' असं लिहिलं होतं. ट्रेनिंग मिळालंच नाही. वर पगारवाढीच्या वेळी इनचार्जनी तेच वाक्य पुढे ठेवलं, 'तुम्हीच लिहिलंय तुम्हाला येत नाही, मग सिनियर ग्रेड कशी देणार?' आयसीयूत माझ्यासोबतच्या दोघींना ग्रेड मिळाली. त्यांनाही माझ्याइतकंच येत होतं, फक्त त्यांनी लिहिलं नव्हतं. तो कागद आपल्या फाइलला कायमचा लागतो.

एचआरमधला एक

आकड्यांचं एवढं अवघड नाही. २ चा उल्लेखच करू नका. ११ वरून ६ म्हणजे ४५ टक्के घट. 'माझ्या पुढाकारामुळे फ्लेबायटिस ४५ टक्क्यांनी कमी झाला' असं एका ओळीत लिहा. वरच्या लोकांसमोर एका वेळी पन्नास फॉर्म असतात, त्यांची नजर आकड्यावरच थांबते. 'रुग्णसेवा मनापासून केली' अशा वाक्यांना रेटिंग मिळत नाही.

सोलापूरची अधिपरिचारिका

ताई, फॉर्म भरलात की झेरॉक्स ठेवा. आमच्याकडे पूर्वी गोपनीय अहवालात काय लिहिलंय ते कळायचंच नाही. २००८ साली देव दत्त प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तेव्हा प्रतिवेदन अधिकाऱ्याने प्रतवारी कमी दिली तर लेखी हरकत घ्या. परिसेविकेशी पटत नसेल तर अधिसेविकेकडे जा. घाबरू नका.

एचडीयू सिस्टर, पुणे

धन्यवाद ताई, पण आमचं खासगी आहे. प्रतिवेदन अधिकारी वगैरे नसतात. इनचार्ज सिस्टर, मग नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मग एचआर. झेरॉक्सचं मात्र लक्षात ठेवते.

क्वालिटी सिस्टर

मी संसर्ग नियंत्रण आणि क्वालिटी बघते. असे फॉर्म दर वर्षी माझ्या हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

४५ टक्के लिहू नका. हिशेब चुकलेला नाही, पण मी इन्फेक्शन कंट्रोलच्या मीटिंगला बसले असते तर पहिलाच प्रश्न विचारला असता, किती कॅन्युलांपैकी? सिस्टर, त्या तीन तिमाहींत किती कॅन्युला लागल्या ते रजिस्टरला असेल. तो आकडा द्या, मग बोलू. आणि २ चा आकडा दडवू नका, तुमच्या कामाचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. दुसरं, त्या ११ जणींच्या किंवा जणांच्या नोंदी परत काढून बघितल्यात का? कुठल्या जागेची कॅन्युला होती, त्यातून काय चाललं होतं?

एचडीयू सिस्टर, पुणे

आत्ताच रजिस्टर काढून बघितलं. स्कोअर सुरू करायच्या आधीच्या तिमाहीत ३८० कॅन्युला, मग ४१०, मग ३९५.

हो, ११ च्या नोंदी तेव्हाच बघितल्या होत्या. ७ जणांना पोटॅशियम चालू होतं आणि त्यातल्या बहुतेकांची कॅन्युला कोपराच्या घडीत. आमच्याकडे एक अँप्यूल १०० मिलीच्या सलाइनमध्ये टाकून हाताच्या शिरेतून द्यायची सवय पडली होती. पेशंट 'जळजळतंय' म्हणायचे आणि आम्ही वेग कमी करायचो, एवढंच. मी त्या ७ जणांची यादी करून इनचार्जना आणि रजिस्ट्रारना दाखवली. त्यानंतर डॉक्टर ऑर्डरमध्येच ५०० मिली लिहायला लागले. ज्यांना पाणी मोजूनच द्यायचंय त्यांना सेंट्रल लाइनमधून.

क्वालिटी सिस्टर

अहो, मग खरी कामगिरी ही आहे आणि तुमच्या प्रश्नात ती आलीच नाही!

आधी टक्केवारी बघू. ३८० मध्ये २ म्हणजे ०.५ टक्के, ४१० मध्ये ११ म्हणजे २.७, ३९५ मध्ये ६ म्हणजे १.५. एचडीयूसारख्या ठिकाणी ०.५ टक्का बघितला की मला आधी नोंदीचीच शंका येते. पूर्वी शीर लाल होऊन हात सुजला की मगच रजिस्टरला जायचं. आता तुम्ही रोज स्कोअर देता. नुसतं दुखणं किंवा नुसती लाली म्हणजे १, तिथे लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यातली दोन एकत्र आली की २, आणि २ ला कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. म्हणजे पूर्वी निसटणाऱ्या केसेस आता सापडतात. ११ चा अर्थ 'शोधल्या' असा आहे आणि तो त्याच ओळीत लिहावा लागतो, वाचणाऱ्यावर सोडायचा नाही.

११ चे ६ झाले याचं सगळं श्रेय मात्र एकटीने घेऊ नका. आकडे लहान आहेत. पुढच्या तिमाहीत ८ झाल्या तर तोच आकडा तुमच्यावर उलटेल. तुमच्या हातात जे होतं ते लिहा: स्कोअर सुरू केला, नोंदी उलगडल्या, पोटॅशियमचा धागा सापडला, तो डॉक्टरांपर्यंत नेला. एका अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. १०० मिलीत टाकलं की लिटरला २०० होतं. हाताच्या शिरेतून साधारण ४० च्या वर जाऊ नये असं धरतात. ५०० मिलीत तेच बरोबर ४० होतं. कारण एवढं स्पष्ट दाखवता येत असताना टक्केवारीचा आधार कशाला घ्यायचा?

एचआरमधला एक

पटलं, पण अर्धंच. फॉर्ममध्ये त्या रकान्याला पाच ओळी असतात. एवढी गोष्ट कोण वाचणार? सुपरिंटेंडेंट मॅडमना नर्सिंग कळतं, पुढे कमिटीत बसणाऱ्या फायनान्सवाल्यांना मिलीइक्विव्हॅलंट कळत नाही.

क्वालिटी सिस्टर

फायनान्सवाल्यांपुढे फॉर्म नेतात ते सुपरिंटेंडेंटच. त्यांनाच पटलं नाही तर पुढे काय बोलणार? ओळी पाचच ठेवा, ते बरोबर आहे. बाकी तपशील मागे जोडायचा. ७ जणांचा तक्ता, नाव आणि आयपी नंबर काढून. हे विसरू नका, पेशंटची ओळख अप्रेझलच्या फाइलला लागता कामा नये.

लेस्टरहून

मी मूळची कोल्हापूरची, इथे एनएचएसमध्ये आहे. आम्हाला दर ३ वर्षांनी एनएमसीचं रिव्हॅलिडेशन असतं. त्यात ५ चिंतनपर टिपणं लिहावी लागतात, काय घडलं, त्यातून काय शिकलात, कामात काय बदललं. 'मला हे जमत नव्हतं' हे त्यात सरळ लिहितात आणि कुणी नाक मुरडत नाही. सिस्टरनी बिनधास्त लिहावं. नर्सने स्वतःची मर्यादा ओळखणं हेच तर कौशल्य आहे.

रातपाळी

ताई, तुमच्या टिपणावरून तुमचा पगार ठरतो का? नाही ना? इथे एकाच फॉर्मवर दोन्ही असतं. वरच्या अर्ध्यात रेटिंग, खालच्या अर्ध्यात 'प्रशिक्षणाची गरज', आणि सही एकाच बाईची. ज्या हाताने पगारवाढ मिळणार त्याच हाताला आपली कमजोरी कशी द्यायची? आणखी एक. उद्या बायपॅपवरच्या पेशंटचं काही बरंवाईट झालं तर सगळ्यात आधी हीच फाइल उघडतील. 'हिनेच लिहिलं होतं.'

लेस्टरहून

खरंय. इथे पगार बँडप्रमाणे ठरतो, ती टिपणं त्यात येत नाहीत. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

क्वालिटी सिस्टर

रातपाळी, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण फाइल उघडली जाईल म्हणता, तर ती दोन्ही बाजूंनी वाचली जाते. 'मला ट्रेनिंग हवंय' असं लेखी मागितलं, ते दिलं नाही आणि तरी तिलाच बायपॅप दिला, तर प्रश्न ड्यूटी लावणाऱ्याला येतो. गप्प बसून पेशंट घेतला तर सगळं तिच्याच अंगावर. शिवाय एनएबीएचचे असेसर येतात तेव्हा प्रशिक्षणाची गरज कशी ओळखली आणि पुढे काय केलं, ते कागदावर मागतात. लिहिलेली मागणी हॉस्पिटललाही सहज झटकता येत नाही.

फक्त 'मला बायपॅप येत नाही' असं लिहायचं नाही. खरं तर ते खरंही नाही. सिस्टर, तुम्हाला नक्की कुठे अडतं?

एचडीयू सिस्टर, पुणे

मास्क बसवणं, गळती बघणं, नाकावर जखम होऊ नये म्हणून ड्रेसिंग लावणं, श्वासाची गती, सॅच्युरेशन, शुद्ध, हे सगळं करते. अडतं ते एबीजीपाशी. सीओपीडीचा पेशंट असतो, बायपॅप लावून तासाभराने एबीजी येतो, पीएच ७.२८ चा ७.२९ झालेला असतो. हे बरं चाललंय की डॉक्टरांना लगेच उठवायचं? सॅच्युरेशन ९० दिसतं म्हणून नवीन मुली ऑक्सिजन वाढवतात. मला माहितीये की सीओपीडीला ८८ ते ९२ पुरतं, पण सिनियर समोर नसताना ठामपणे सांगता येत नाही.

क्वालिटी सिस्टर

हेच लिहा, याच क्रमाने. आधी येतं ते, मग अडतं ते, मग कसं शिकणार ते. वर्गात बसून ही गोष्ट येत नाही. आयसीयूत सिनियरसोबत चार पाळ्या मागा आणि शेवटी कॉम्पिटन्सी चेकलिस्टवर त्यांची सही. तारीखही घाला. पीएच तासाभरात हलला नाही आणि पेशंट दमत किंवा सुस्तावत चालला असेल तर डॉक्टरांना कळवायचंच, त्यासाठी ट्रेनिंगची वाट बघू नका.

एचडीयू सिस्टर, पुणे

मसुदा टाकते.

कामगिरी: 'एचडीयूत प्रत्येक पाळीत कॅन्युलाचा व्हीआयपी स्कोअर सुरू केला. पूर्वी न नोंदल्या जाणाऱ्या केसेस त्यामुळे सापडल्या (३८० कॅन्युलांत २, नंतर ४१० मध्ये ११). ११ पैकी ७ रुग्णांना हाताच्या शिरेतून तीव्र पोटॅशियम चालू असल्याचं आढळलं. यादी इनचार्ज व रजिस्ट्रार यांना दाखवली. डॉक्टरांनी ऑर्डर बदलल्या. पुढील तिमाहीत ३९५ मध्ये ६. तक्ता सोबत.'

प्रशिक्षण: 'बायपॅपवरील रुग्णाची देखरेख स्वतंत्रपणे करते. एबीजी वाचून कधी कळवायचं याचा निर्णय पक्का होण्यासाठी आयसीयूत सिनियरसोबत ४ पाळ्या, ३० जूनपूर्वी. चेकलिस्ट पूर्ण करून देईन.'

एचआरमधला एक

यात पगारवाढीला धक्का लागेल असं काही दिसत नाही. 'तीव्र पोटॅशियम' मात्र डॉक्टरांना झोंबेल.

क्वालिटी सिस्टर

'१०० मिलीत दिलेलं पोटॅशियम' लिहा. जे केलं तेवढंच, त्यावर शेरा नको.

रातपाळी

पहिला रकाना उत्तम झालाय. दुसऱ्याबद्दल माझं मत तेच आहे, फक्त एक बदल सुचवते. फॉर्म द्यायच्या आधीच इनचार्जना तोंडी सांगून त्या ४ पाळ्या ड्यूटी चार्टवर लावून घ्या. लावल्या तर लिहा. चालढकल केली तर तुम्हाला उत्तर मिळालं, मग तो रकाना रिकामा सोडा.

क्वालिटी सिस्टर

चालढकल केली तर उलट लिहिलंच पाहिजे, असं मी म्हणेन. पण आधी तोंडी बोलून घ्या, हे बरोबर आहे.

एचडीयू सिस्टर, पुणे

उद्या सकाळी हँडओव्हर झाला की इनचार्जना भेटते.