मदत हवी आहे: पीआरव्ही असूनही जॉइंट गळतात

मेहरूणकर
नमस्कार. तीन आठवड्यांत घरातला चौथा जॉइंट गेला. आधी फ्लशच्या टाकीचा, मग स्वयंपाकघरातला अँगल कॉक, मग जेट स्प्रेची नळी. परवा पहाटे बेसिनखालचा कनेक्शन पाईप सुटला, हॉलपर्यंत पाणी आलं आणि आईची गादी भिजली. प्लंबर दोनदा टेफलॉन गुंडाळून गेला. प्रेशर जास्त आहे म्हणतो, पण प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवलेला आहे. टिकाऊ जॉइंट कोणते घ्यायचे तेवढं सांगा. घाई आहे.

धुळेकर_मी
मना घरमा बी असंच व्हयनं व्हतं. सगळे अँगल कॉक अर्धे बंद करून ठेवा, प्रेशर निम्मं होईल. पैसा लागत नाही. आमचं दोन वर्षं काही गळलेलं नाही.

वरचा_मजला
प्रेशर वाढवायला कोणता पंप घेतलात? आमच्याकडे शेवटच्या मजल्यावर शॉवरला धारच येत नाही.

मेहरूणकर
पंप नाहीये. मला प्रेशर कमी करायचंय.

पाईपवाला_भुसावळ
भाऊ, आधी चार गोष्टी सांगा. इमारत किती मजल्यांची, तुम्ही कितव्या मजल्यावर? पीआरव्ही तुमच्या घरात आहे की डक्टमध्ये सगळ्यांचा मिळून? जॉइंट दिवसा गेले की रात्री? आणि हे सुरू व्हायच्या आधी टाकीचं किंवा पाईपचं काही काम झालं होतं का?

धुळेकरभाऊ, अर्धा बंद कॉक फक्त वाहत्या पाण्याला अडवतो. रात्री सगळे नळ बंद असले, पाणी थांबलं, की कॉकच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखंच होतं. दिवसा धार बारीक दिसते म्हणून फरक पडल्यासारखा वाटतो. जॉइंटला रात्री पूर्ण ताण बसतोच.

धुळेकर_मी
तरी आमचं गळत नाही, हे खरं आहे.

पाईपवाला_भुसावळ
तुमचं घर किती मजली?

धुळेकर_मी
तळमजला आणि वर एक.

पाईपवाला_भुसावळ
मग टाकी तुमच्या नळापासून सहा-सात मीटर वर. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर धरतो आम्ही. तुमच्याकडे पाऊण किलोही भरत नाही, म्हणून गळत नाही.

मेहरूणकर
पार्किंग आणि वर बारा मजले. आम्ही पहिल्यावर. पीआरव्ही डक्टमध्ये चौथ्या मजल्यापाशी आहे, खालच्या चार मजल्यांना मिळून एक. चारही जॉइंट रात्री किंवा पहाटे गेले, हे आता लिहिताना लक्षात आलं. काम काही नाही. आखाजीच्या आधी सोसायटीने टाकी धुऊन घेतली होती, आउटलेटचा एक तुकडा बदलला, पण त्याचा काय संबंध?

सातपुडा_७
जळगावात लोक अजून उंच इमारत म्हटलं की मनपाची सतरा मजलीच दाखवतात, आता गल्लोगल्ली बारा मजले झाले. आणि पाणी क्षाराचं. पीआरव्हीला वर स्क्रू असतो, तो कसून घ्या, प्रेशर कमी होईल.

पाईपवाला_भुसावळ
सातपुडाभाऊ, तसं करू नका. नेहमीच्या पीआरव्हीत स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग दाबली जाते आणि पुढचं प्रेशर वाढतं. कमी करायचं तर सैल करतात. शिवाय स्क्रूला हात लावायच्या आधी दोष कुठला ते ठरवायला हवं.

मेहरूणकर, तुमच्या नळापासून टाकीची उंची अडतीस-एक मीटर, म्हणजे पीआरव्ही नसता तर पावणेचार किलोच्या आसपास. तीन-चारशे रुपयांचा गेज आणा, वॉशिंग मशीनच्या नळाला लावा. संध्याकाळी घरात दुसरा एखादा नळ चालू असताना बघा, मग रात्री एकला आणि पहाटे पाचला. आकडे इथे टाका. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही विचारा.

रावेर_केळी
आम्ही केळीच्या ड्रिपला फिल्टरशिवाय कुठलाच व्हॉल्व्ह लावत नाही. एकदा फिल्टरची जाळी फाटली, वाळूचा एक कण व्हॉल्व्हच्या बसकीत अडकला, सकाळी अर्ध्या नळ्या उपसून पडलेल्या. तुमच्या पीआरव्हीआधी जाळी आहे का? टाकी धुतल्यावर तळाचा गाळ खालीच येणार. बाकी यंदा उन्हानं केळीचे हाल आहेत, ते वेगळं.

मेहरूणकर
गेज लावला. संध्याकाळी नळ चालू असताना पावणेदोन, बंद केला की दोन. रात्री एकला तीन. पहाटे पाचला काटा तीन पूर्णांक सातवर, मी अर्धा तास तिथेच बसून होतो, हलला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी महिन्यात फ्लशचा व्हॉल्व्ह दोनदा बदललाय. आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. जाळी आहे की नाही माहीत नाही.

पाईपवाला_भुसावळ
मग तुमचे जॉइंट निर्दोष आहेत. पाणी वाहतं तेव्हा पीआरव्ही नीट अडवतो, पण पाणी थांबल्यावर आतली रबरी चकती बसकीवर पूर्ण टेकत नाही. थेंबाथेंबानं पाणी पुढे झिरपतं. दिवसा चार मजल्यांत कोणाचा ना कोणाचा नळ चालू असतो, म्हणून जास्तीचं प्रेशर निघून जातं. रात्री निघायला वाट नसते, मग काटा चढत चढत टाकीच्या उंचीपर्यंत जातो आणि थांबतो. प्लंबर दुपारी येऊन गेज लावतो तेव्हा सगळं बरोबर दिसतं, आणि दोष टेफलॉनवर जातो.

टाकीच्या कामात पाईपची कीस किंवा क्षाराची खपली आली असणार. पण खोलायच्या आधी बायपास बघा. पीआरव्हीला वळसा घालून एक लाइन असते, तिच्यावरचा व्हॉल्व्ह नीट बंद नसेल किंवा आतून झिरपत असेल तर गेजवर हेच चित्र दिसतं.

सातपुडा_७
गिझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात का? आमच्याकडे पडायचे, तेव्हाही पीआरव्हीच खराब निघाला होता.

पाईपवाला_भुसावळ
गिझर तापत असताना थोडे थेंब पडणं हे त्या व्हॉल्व्हचं कामच आहे, पाणी तापून फुगतं. गिझर बंद असताना रात्रभर पडत असतील तर मात्र प्रेशर बघावं.

नवी_पेठ
माझं ऐका, एका पीआरव्हीवर चार मजले ठेवूच नका. प्रत्येक फ्लॅटला आत आपापला बसवा. आमच्याकडे तसाच आहे.

पाईपवाला_भुसावळ
घरातला बसवला तरी डक्टमधला बिघडलेला सोडू नका. आणि घरोघरी बसवलेल्यांची जाळी वर्षातून एकदा तरी कोण साफ करतो ते सांगा.

नवी_पेठ
मी करतो. दुसऱ्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा ते बरं.

मेहरूणकर
रविवारी सेक्रेटरींसोबत डक्ट उघडला. बायपासचा व्हॉल्व्ह बंदच होता. पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, नळ उघडून प्रेशर सोडलं, स्क्रू सैल केला, मग वरची टोपी काढली. आत पांढऱ्या पाईपची नखाएवढी वळलेली कीस, चकती आणि बसकीच्या मधोमध. चकतीवर तिचा खोल ओरखडा. आधी जाळी नव्हतीच. कीस काढून परत बसवला. आज पहाटे पाचला गेज दोन पूर्णांक सहा.

पाईपवाला_भुसावळ
सुधारलं, पण पुरेसं नाही. ओरखड्यातून झिरपतंय, चकती बदला. तिचा रिपेअर किट मिळतो का ते आधी बघा, नसेल तर अख्खा पीआरव्ही. आणि आधी जाळी बसवाच. चकती बदलूनही काटा चढला तर बायपास आतून झिरपतोय का ते असं बघा: बायपास बंद ठेवून पीआरव्हीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि घरातला नळ उघडा. पाईपमध्ये वर अडकलेलं पाणी संपेपर्यंत थांबा. त्यानंतरही धार चालूच राहिली तर ते पाणी बायपासमधूनच येतंय.

मेहरूणकर
किट मागवलंय. सेक्रेटरी म्हणतात खर्च खालच्या चार मजल्यांनी करावा, वरच्यांना काय त्याचं. टाकी तर सगळ्यांच्या पैशांनी धुतली होती. कोणाच्या सोसायटीत असा खर्च कसा वाटला?

वरचा_मजला
आमच्याकडे लिफ्टवरून हाच वाद दोन वर्षं चालू आहे.